आयटीकडे दुसरा मॉनिटर मागणारा मेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेल नेमका कोणाला पाठवायचा? आयटीला की आधी मॅनेजरला?

आधी मॅनेजरला, मग आयटीला. बहुतेक कंपन्यांत मॉनिटर देण्याचं काम आयटीचं असलं, तरी त्याचा खर्च तुमच्या विभागाच्या बजेटमधून जातो. त्यामुळे मॅनेजरच्या होकाराशिवाय आलेला मेल आयटीवाले "मॅनेजरची मंजुरी जोडा" असं एका ओळीत कळवून परत पाठवतात आणि त्यात दोन-चार दिवस जातात. मॅनेजरशी आधी बोलून घ्या, त्यांचा "हो" मेलवर मागा आणि तोच मेल पुढे आयटीला पाठवा, म्हणजे मंजुरी त्याच धाग्यात दिसते. कंपनीत तिकीट काढायची पद्धत असेल, तर हाच मजकूर तिकिटात टाका आणि मंजुरीचा मेल जोडा. वेगळा मेल आणि वेगळं तिकीट असं दोन्हीकडून मागू नका. एकच मागणी दोनदा दिसली की त्यातली एक बंद केली जाते, आणि बंद होणारी बहुधा ती असते जिला तुम्ही मंजुरी जोडलेली असते.

एक मेल दोन माणसं वाचणार आहेत, हे लिहिताना लक्षात ठेवा. मॅनेजरला पैसे का द्यायचे हे कळायला हवं. आयटीतल्या माणसाला गोदामातून काय काढायचं, कोणत्या केबलसह आणि कोणत्या टेबलावर न्यायचं हे कळायला हवं. बरेचसे मेल पहिल्यासाठी भरभरून लिहिलेले असतात आणि दुसऱ्यासाठी त्यात काहीच नसतं.

विषयाच्या ओळीत काय लिहावं?

मागणी, विभाग आणि बसण्याची जागा. उदाहरणार्थ : "बाह्य मॉनिटरची मागणी (१ नग, २४ इंची) : लेखा विभाग, तिसरा मजला, टेबल ३-४७". नुसतं "विनंती" किंवा "तातडीचे" असं लिहिलेला मेल शंभर मेलांत हरवतो.

इथेच एक गोंधळ टाळा. "दुसरा मॉनिटर" म्हटल्यावर काहींना लॅपटॉपच्या पडद्यासोबतचा एक बाह्य मॉनिटर अभिप्रेत असतो, तर काहींना दोन बाह्य मॉनिटर. सध्या टेबलावर काय आहे आणि नवीन किती नग हवेत, हे आकड्यात लिहा. दोन बाह्य मॉनिटरना अनेकदा डॉक, म्हणजे एका केबलवरून लॅपटॉपला जादा पोर्ट देणारा डबा, लागतो. तो नंतर लक्षात आला, तर मागणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

"काम वेगाने होईल" हे पटेल असं कसं लिहायचं?

कोणतं काम, त्यात एकाच वेळी कोणत्या दोन-तीन खिडक्या उघड्या लागतात आणि सध्या काय अडतं, एवढं लिहायचं. "उत्पादकता वाढेल" हे वाक्य कोणीही कोणत्याही वस्तूसाठी लिहू शकतो, म्हणून ते कोणाच्याच मनावर ठसत नाही.

लेखा विभागातलं जीएसटी जुळवणीचं काम घेऊ. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या कंपनीसाठी दर महिन्याच्या १४ तारखेला पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, म्हणजे जीएसटीआर-२बी, तयार होते आणि मासिक विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-३बी, भरायची मुदत २० तारखेला संपते. मधल्या काही दिवसांत खरेदी नोंदवही आणि २बी ताळायचे असतात, कारण २बीमध्ये न आलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. एक्सेलमधलं सूत्र सरळ जुळणारी बिलं काढून देतं. उरतात ती हाताने बघायची : पुरवठादाराने बिल क्रमांकात शून्य वाढवलेला, तारीख चुकलेली, सीजीएसटीऐवजी आयजीएसटी टाकलेला. अशा प्रत्येक बिलासाठी तीन गोष्टी शेजारी-शेजारी लागतात, त्या म्हणजे २बीची शीट, खरेदी नोंदवही आणि बिलाची पीडीएफ.

१५.६ इंची लॅपटॉपचा पडदा १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा असला, तरी अक्षरं वाचता यावीत म्हणून त्यावर बहुधा १५० टक्के स्केलिंग ठेवलेलं असतं. म्हणजे प्रत्यक्षात १२८० गुणिले ७२० एवढीच जागा वापरायला मिळते. त्यात दोन खिडक्या शेजारी लावल्या की प्रत्येकीला ६४० उरतात. एक्सेलचा नेहमीच्या रुंदीचा स्तंभ ६४ पिक्सेलचा असतो, म्हणून एका बाजूला जेमतेम नऊ स्तंभ दिसतात. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा आणि बिल क्रमांक १६ अक्षरांपर्यंत असतो, तेव्हा हे स्तंभ रुंद करावेच लागतात आणि कराच्या रकमा पडद्याबाहेर जातात. मग माणूस क्रमांक डोक्यात धरून खिडकी बदलतो, तिथे पोचेपर्यंत शेवटचे अंक निसटतात आणि पुन्हा मागे येतो. १०० टक्क्यांवर चालणाऱ्या २४ इंची मॉनिटरच्या पूर्ण रुंदीत तेच स्तंभ साधारण २९ दिसतात. दोन्ही शीट मॉनिटरवर आणि पीडीएफ लॅपटॉपवर, अशी मांडणी होते.

हे सगळं मेलमध्ये लिहायचं नाही. "२बी, खरेदी नोंदवही आणि बिलाची पीडीएफ एकाच वेळी पाहाव्या लागतात, लॅपटॉपवर दोनच खिडक्या मावतात आणि त्यातही रकमेचे स्तंभ दिसत नाहीत" एवढं पुरे. ग्राहकसेवेत असाल तर चॅट, ग्राहकाची नोंद आणि नॉलेज बेस या तीन खिडक्या असतील. चाचणी करणाऱ्यांकडे अॅप, लॉग आणि बग नोंदवायचं पान असेल. आपल्या कामातल्या खिडक्यांची नावं घ्या.

किती वेळ वाचेल हे मोजायचं कसं?

रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचा मॉनिटर किंवा रिकाम्या टेबलावरचा मॉनिटर एका दिवसापुरता मागून घ्या. न जुळलेल्या बिलांतून २० नुसत्या लॅपटॉपवर तपासा आणि वेगळी २० मॉनिटर लावून. तीच बिलं दोनदा घेऊ नका, कारण दुसऱ्यांदा उत्तर माहीत असतं आणि फरक खोटा मोठा दिसतो. अवघड बिलंही दोन्ही गटांत सारखी वाटून घ्या.

समजा, लॅपटॉपवर २० बिलांना ४२ मिनिटं लागली आणि मॉनिटर लावून ३१. फरक ११ मिनिटांचा. महिन्याला ९०० खरेदी बिलं असतील आणि त्यातली ३०० हाताने बघावी लागत असतील, तर २०चे १५ गट होतात. १५ गुणिले ११ म्हणजे १६५ मिनिटं, पावणेतीन तास. वर्षाला ३३ तास. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण तो तपासता येतो आणि हा वेळ १४ ते २० तारखेच्या दाटीत वाचतो. मेलमध्ये हेच वाक्य घाला. "काम दुप्पट वेगाने होईल" असं लिहिलं तर मॅनेजर बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवत नाही.

मोजायला मॉनिटर मिळालाच नाही, तर दिवसातला एक तास निवडून त्यात किती वेळा खिडकी बदलली याच्या रेघा कागदावर मारा. तो आकडाही पुष्कळ सांगतो.

मानदुखी, पाठदुखीचा उल्लेख करावा का? किती?

करावा, पण अडचण सांगावी, आजार नाही. मेल आणि तिकीट बऱ्याच लोकांना दिसतात. आयटीतले, मॅनेजर, खरेदी विभाग, कधी बाहेरच्या कंपनीतून आलेले तंत्रज्ञही. निदान, एमआरआयचा अहवाल किंवा औषधांची यादी तिथे जोडायचं कारण नाही. डॉक्टरांचं पत्र असेल तर ते एचआरकडे स्वतंत्र द्या आणि आयटीच्या मेलमध्ये "वैद्यकीय पत्र एचआरकडे दिले आहे" एवढीच ओळ ठेवा.

अडचण सांगायला कारण सोपं आहे. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला तर हात खांद्यापर्यंत वर जातात, आणि हात आरामात ठेवले तर मान दिवसभर खाली झुकलेली राहते. दोन्ही एकदम साधत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली आणि पडदा साधारण हातभर अंतरावर, ही बसण्याची बरी पद्धत. बाह्य मॉनिटरने ती मिळते. प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांना मॉनिटर आणखी थोडा खाली लागतो, नाहीतर वाचताना हनुवटी वर करावी लागते.

यातून मागणीत एक भर पडते. सगळ्यात स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे कलतो, उंची बदलत नाही. आरामाचं कारण देत असाल, तर "उंची कमी-जास्त होणारा स्टँड" असं स्पष्ट लिहा. तो नसेल तर मागे १०० गुणिले १०० मिलिमीटरची व्हेसा छिद्रं असलेला मॉनिटर आर्मवर बसवता येतो. शिवाय वेगळा कीबोर्ड आणि माऊस नसेल तर तेही याच मेलमध्ये मागा. मॉनिटर समोर आणि कीबोर्ड बाजूच्या लॅपटॉपचा, अशा मांडणीत मान सरळ होते पण कंबर पिळली जाते.

लॅपटॉपची कोणती माहिती द्यायची आणि ती कुठे सापडते?

चार गोष्टी द्या : लॅपटॉपचा मालमत्ता क्रमांक (खालच्या बाजूच्या स्टिकरवर), मॉडेल, अनुक्रमांक आणि व्हिडिओ देणारे पोर्ट. विंडोजवर पॉवरशेल उघडून हे टाइप करा :

```
Get-CimInstance Win32_ComputerSystem | Select-Object Manufacturer, Model
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर `Model` समोर नेहमीच्या नावाऐवजी एक सांकेतिक क्रमांक येतो. तो तसाच पाठवा, आयटीला त्यावरून नेमकं मॉडेल कळतं. मॅकवर  अॅपल मेनूतल्या `About This Mac` मध्ये मॉडेल आणि अनुक्रमांक एकत्र मिळतात.

सर्वात जास्त फसगत पोर्टपाशी होते. एचडीएमआय ओळखायला सोपं. यूएसबी-सी मात्र दिसायला सारखं असूनही प्रत्येक पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. काही फक्त चार्जिंग आणि फायलींसाठी असतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर चित्र मिळतं. चिन्ह नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात त्या पोर्टसमोर डिस्प्लेपोर्टचा उल्लेख आहे का ते बघा. खात्री नसेल तर अंदाज लिहू नका. पोर्टचा मोबाइलवर फोटो काढून मेलला जोडा.

दुसरी चूक केबलच्या दिशेची. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलटी चालत नाही. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल, तर वीज घेणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो. म्हणून "एचडीएमआय पोर्ट आहे" याऐवजी "लॅपटॉपला पूर्ण आकाराचं एचडीएमआय आहे, मॉनिटरलाही एचडीएमआय असावं" असं लिहा.

मॅकबुक असेल तर वेगळं काही?

एक बाह्य मॉनिटर लावायला अडचण नाही, फक्त एअरला यूएसबी-सीकडून एचडीएमआयचा जोड लागतो. दोन बाह्य हवे असतील तर चिप सांगणं आवश्यक आहे. एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर स्वतःहून एकच बाह्य मॉनिटर चालवतात. एम३ एअर दोन चालवतो, पण झाकण बंद असताना. एम४ एअर झाकण उघडं ठेवूनही दोन चालवतो. जुन्या एअरवर दोन मॉनिटर करायला डिस्प्लेलिंकचा डॉक आणि त्याचं सॉफ्टवेअर लागतं. ते बसवायला अॅडमिन अधिकार लागत असल्याने आयटीला आधीच सांगा. डॉक टेबलावर आणि सॉफ्टवेअर अडकलेलं, अशी अवस्था नेहमी होते.

किती इंची मागायचा?

कार्यालयीन कामाला २४ इंची, १९२० गुणिले १०८० पुरतो. २७ इंची हवा असेल तर २५६० गुणिले १४४० मागा. २७ इंचांवर १०८० पिक्सेल पसरले की अक्षरांच्या कडा खरबरीत दिसतात आणि जागाही काडीची वाढत नाही, सगळं नुसतं मोठं होतं. ४के मागायचा तर लॅपटॉपचं एचडीएमआय २.० आहे का बघा. १.४ असेल तर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि माऊस अडखळत फिरतो.

पिक्सेलचा आकडा मेलमध्ये लिहाच. तो नसला तर गोदामातला जुना १९ इंची व्हीजीए मॉनिटर येऊ शकतो, त्यावर आधीपेक्षा फारशी जास्त जागा मिळत नाही आणि अक्षरं धूसर दिसतात. टेबलाची रुंदीही मोजा. २४ इंची मॉनिटर साधारण ५४ सेंटीमीटर रुंद असतो आणि १५.६ इंची लॅपटॉप ३६ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणून १२० सेंटीमीटरच्या टेबलावर दोन्ही आरामात बसतात.

पूर्ण मेल कसा दिसेल?

> विषय : बाह्य मॉनिटरची मागणी (१ नग, २४ इंची) : लेखा विभाग, तिसरा मजला, टेबल ३-४७
>
> नमस्कार,
>
> माझ्या टेबलावर सध्या फक्त लॅपटॉप आहे. कामासाठी एक बाह्य मॉनिटर हवा आहे. मॅडमची मंजुरी खालच्या मेलमध्ये आहे. खर्च लेखा विभागाच्या खात्यावर टाकावा.
>
> कारण : जीएसटी जुळवणी करताना २बी, खरेदी नोंदवही आणि बिलाची पीडीएफ एकाच वेळी पाहावी लागते. लॅपटॉपवर दोनच खिडक्या मावतात आणि रकमेचे स्तंभ दिसत नाहीत. सहकाऱ्याचा मॉनिटर लावून पाहिले असता २० बिलांना ४२ ऐवजी ३१ मिनिटे लागली. महिन्याला सुमारे ३०० बिले अशी तपासावी लागतात, म्हणजे अंदाजे पावणेतीन तास वाचतील, तेही १४ ते २० तारखेदरम्यान.
>
> लॅपटॉपचा पडदा खाली असल्याने दिवसभर मान झुकवून बसावे लागते, म्हणून उंची बदलणारा स्टँड असावा. वेगळा कीबोर्ड व माऊस माझ्याकडे आहे.
>
> हवे आहे : २४ इंची, १९२० × १०८०, एचडीएमआय असलेला मॉनिटर; २ मीटर एचडीएमआय केबल; पॉवर केबल. चांगल्या स्थितीतला वापरलेला मॉनिटरही चालेल.
>
> लॅपटॉप : मालमत्ता क्रमांक ____, मॉडेल ____, अनुक्रमांक ____. पूर्ण आकाराचे एचडीएमआय आहे (फोटो जोडला आहे). टेबल १२० सेंमी रुंद, एक सॉकेट रिकामे.
>
> बसवण्यासाठी मंगळवार किंवा बुधवार सकाळी ११ पूर्वी मी टेबलावर असेन. शक्य असल्यास पुढील १४ तारखेपूर्वी मिळावा.
>
> आपला/आपली,
> नाव, कर्मचारी क्रमांक, अंतर्गत दूरध्वनी

"वापरलेला चालेल" ही ओळ फार कामाची. नवीन खरेदीला दरपत्रकं आणि मंजुऱ्या लागतात, गोदामातला मॉनिटर त्याच आठवड्यात मिळू शकतो.

मेल मराठीत लिहिला तर चालेल का?

आयटीतले लोक मराठी वाचत असतील तर खुशाल. हेल्पडेस्क दुसऱ्या राज्यात असेल तर इंग्रजीत लिहा, क्रम आणि तपशील हेच ठेवा.

घरून काम करत असल्यास?

मॉनिटर घरी न्यायला मालमत्ता घराच्या पत्त्यावर नोंदवावी लागते आणि गेटपास लागतो. कार्यालय सेझमध्ये असेल, जशी हिंजवडी किंवा खराडीत काही आहेत, तर साहित्य बाहेर काढण्याची परवानगी आणि नोंद वेगळी लागते. त्यामुळे आयटीला दोष न देता जास्तीचे दिवस धरा. मेलमध्ये पत्ता, मजला, लिफ्ट आहे का आणि नोकरी सोडताना परत करण्याची तयारी लिहा.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर?

पाच कामाच्या दिवसांनी त्याच धाग्यात एका ओळीत विचारा. नकार आला तर कारण विचारून घ्या, कारण पुढची पायरी त्यावर ठरते. साठा नसेल तर प्रतीक्षा यादीत नाव घालायला सांगा. बजेट संपलं असेल तर बऱ्याच कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं; मॅनेजरना पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये ही नोंद घालायला सांगा आणि एप्रिलमध्ये तोच मेल पुन्हा वर आणा. "तुमच्या पदाला धोरणात बसत नाही" असं उत्तर असेल, तर आयटीशी वाद घालून उपयोग नाही. अपवादाची मंजुरी कोण देतं ते विचारा आणि मोजलेले आकडे मॅनेजरमार्फत तिथे पाठवा.

मॉनिटर आला, पण चित्र येत नाही किंवा नीट दिसत नाही. पुन्हा मेल करण्याआधी काय बघायचं?

"नो सिग्नल" दिसत असेल तर मॉनिटरच्या बटनांनी इनपुट बदला. केबल एचडीएमआय २ मध्ये आणि मॉनिटर एचडीएमआय १ वर, हे वारंवार घडतं. दोन्हीकडे तेच चित्र दिसत असेल तर विंडोजवर `Win + P` दाबून `Extend` निवडा. माऊस उलट्या बाजूने बाहेर पडत असेल तर `Settings > System > Display` मधली १ आणि २ ची चौकटं टेबलावर आहेत तशी ओढून ठेवा. अक्षरं धूसर असतील तर तिथेच दुसरा पडदा निवडून `Display resolution` समोर `Recommended` लिहिलेला आकडा घ्या.

बसवताना ज्या पडद्याकडे जास्त वेळ बघायचं तो नाकासमोर ठेवा आणि दुसरा बाजूला थोडा आत वळवून. मॉनिटर बाजूला ठेवून दिवसभर तिकडे बघत राहिलात, तर झुकलेल्या मानेऐवजी वळलेली मान दुखू लागते.

एवढं करूनही चित्र आलं नाही, तर तिकिटात लिहा की हीच केबल आणि हाच मॉनिटर दुसऱ्या लॅपटॉपवर चालतो की नाही. ती चाचणी झालेली असली की तंत्रज्ञ योग्य भाग सोबत घेऊन येतो. मॉनिटर ताब्यात घेताना त्यावरचा मालमत्ता क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे सही करण्याआधी जुळवून घ्या.